टेम्पो मित्राचा, सही माझी

वाचकाचं पत्र

ताई, तालुक्याच्या गावात माझं किराणा दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. 2021 साली शाळेपासूनच्या मित्राने मालवाहू टेम्पोसाठी इथल्या पतसंस्थेकडून पाच लाखांचं कर्ज घेतलं. जामीनदार दोन, मी आणि त्याचा मेहुणा. "नावाला सही लागते रे," म्हणाला, म्हणून केली. बावीस हप्ते भरून तो थांबला. मला कुणी कळवलं नाही. मग पतसंस्थेची नोटीस आली: मुद्दल 3,55,000, व्याज व खर्च 1,37,000, एकूण 4,92,000 भरा. मी ती गल्ल्याखाली ठेवून दिली. आता सहाय्यक निबंधकांकडून सुनावणीची नोटीस आली आहे, अठरा दिवस उरलेत. मित्र शेवटचं भेटला तेव्हा म्हणाला, "मॅनेजरने मला मुदत वाढवून दिली होती, तू जाऊ नकोस." टेम्पो मात्र दुसराच कुणी चालवताना दिसतो. पैसे वापरले त्याने, मग आधी त्याच्याकडून वसूल का करत नाहीत? त्याने मला फसवलं असंच वाटतं. एक ओळखीचे सांगतात, दुकान बायकोच्या नावावर करून टाका. तिला यातलं काहीच माहीत नाही. काय करू?

उत्तर

भाऊ, बाकी काही ठरो न ठरो, सुनावणीला जा. मित्राने नको म्हटलं तरी जा, पैसे नसले तरी जा. मी एका पतसंस्थेच्या कर्ज विभागात चोवीस वर्षं काढली. जामीनदाराचं सगळ्यात मोठं नुकसान कर्जामुळे होतं असं मी म्हणणार नाही. ते त्या एका तारखेला घरी बसल्यामुळे होतं.

ही सुनावणी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 101 खाली आहे. पतसंस्थेला थकबाकीसाठी दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं दावा लढवावा लागत नाही. ती निबंधकांकडे अर्ज करते, ते कर्जदाराला आणि जामीनदारांना बोलावतात, कागद पाहतात आणि थोडक्यात चौकशी करून वसुली दाखला देतात. त्या दाखल्यातला आकडा हाच थकबाकीचा अखेरचा पुरावा धरला जातो. पुढे संस्थेचा विशेष वसुली अधिकारी तो दाखला घेऊन थेट जप्तीला येऊ शकतो. तेव्हा त्याला "हे व्याज कसलं?" असं विचारून काही हाती लागत नाही. आकड्यावर वाद घालण्याचं काम त्याचं नाही.

दाखल्याविरुद्ध कलम 154 खाली पुनरीक्षण अर्ज करता येतो, पण त्याआधी वसूल करायच्या एकूण रकमेच्या निम्मी रक्कम संस्थेत भरावी लागते. तुमच्या बाबतीत ती 2,46,000 होते. म्हणजे जो प्रश्न अठरा दिवसांनी एका साध्या अर्जावर विचारता येतो, तोच दाखल्यानंतर विचारायला अडीच लाख आधी मोजावे लागतील. नोटीस गल्ल्याखाली ठेवण्याची किंमत ही आहे. म्हणून आज ती बाहेर काढा आणि उत्तराच्या तयारीला लागा.

एक कागद आत्ताच पाहून घ्या. संस्थेच्या नोटिशीवर 'बहुराज्यीय' असा शब्द असेल, तर तिला वेगळा कायदा लागतो आणि वसुली लवादामार्फत होते. तुम्हाला सहाय्यक निबंधकांची नोटीस आली आहे, म्हणजे तसं नसावं. तरी वकिलाकडे जाताना दोन्ही नोटिसा आणि त्यांचे लिफाफे बरोबर न्या. लिफाफ्यावर टपालाची तारीख असते.

आता तुमचा मुख्य प्रश्न. आधी त्याच्याकडून का वसूल करत नाहीत? तुम्हाला हा अन्याय वाटतो, आणि माणूस म्हणून मला तो कळतो. पण भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 128 सांगतं की करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. 'इतकीच' याचा अर्थ तुमचा नंबर त्याच्यामागून लागतो असा नाही, तुम्ही त्याच्या बरोबरीने उभे आहात. कर्जदाराची सगळी मालमत्ता विकून झाल्याशिवाय जामीनदाराला हात लावू नये, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयासमोर झाला होता आणि न्यायालयाने तो 1968 सालीच नाकारला. त्यांचं म्हणणं असं की धनको आधी सगळीकडे फिरून मग जामीनदाराकडे येणार असेल, तर जामिनाला अर्थच उरत नाही. आणि व्यवहारात संस्था ज्याच्याकडे काही दिसतं त्याच्याकडे जाते. तुमचं दुकान गावात आहे, रोज सकाळी शटर वर जातं. मित्राचा ठावठिकाणा मात्र शोधावा लागतो.

त्यामुळे "मी फक्त सही केली, पैसे मी घेतले नाहीत" एवढंच लेखी म्हणणं देऊन आलात, तर त्याचा उपयोग होणार नाही. मी अशी कितीतरी म्हणणी वाचली आहेत, त्यांतली बहुतेक शब्दशः सारखी. तुम्हाला बोलायचं आहे ते दुसऱ्या तीन गोष्टींबद्दल: मुदतवाढ, टेम्पो आणि आकडा.

मुदतवाढीपासून सुरू करते, कारण मित्राने सांगितलेलं ते वाक्य तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं आहे. करार कायद्याच्या कलम 135 नुसार, धनकोने कर्जदाराशी करार करून त्याला मुदत वाढवून दिली आणि जामीनदाराची संमती घेतली नाही, तर जामीनदार मोकळा होतो. यामागचा विचार सरळ आहे. तुम्ही ठरावीक हप्त्यांच्या कर्जाला जामीन राहिलात, त्यांनी तुम्हाला न विचारता व्यवहारच बदलला, तर बदललेल्या व्यवहाराला तुमची हमी कशी धरायची?

पण घाईने आनंद मानू नका. त्याच कायद्यात कलम 137 आहे. धनकोने कर्जदारावर नुसती कारवाई केली नाही, थांबून राहिला, तर तेवढ्याने जामीनदार सुटत नाही. मॅनेजर फोनवर "बघू, दिवाळीनंतर भर" म्हणाला असेल तर ते नुसतं थांबणं झालं. संचालक मंडळाचा ठराव झाला असेल, नवीन हप्ते ठरवून मित्राची सही घेतली असेल, किंवा जुनं खातं बंद करून त्याच रकमेचं नवं कर्ज दाखवलं असेल, ज्याला आपण 'नवं-जुनं' म्हणतो, तर ती गोष्ट वेगळी. नवं-जुनं झालं असेल तर नव्या जामीन कागदावर तुमची सही असायला हवी. ती आहे का? असली तर ती तुमचीच आहे का?

आणखी एक अडचण आहे, ती तुमच्या स्वतःच्या सहीखाली छापलेली असू शकते. बहुतेक संस्थांच्या छापील जामीन कागदात एक वाक्य असतं, साधारण या अर्थाचं: संस्थेने कर्जदारास मुदत वाढवून दिल्यास किंवा हप्ते बदलून दिल्यास माझी हरकत राहणार नाही. हे वाक्य असलं तर संस्था म्हणणार, संमती आधीच घेतली आहे. सही करताना तुम्ही ते वाचलं नसणार. कुणीच वाचत नाही. आमच्या टेबलावर त्या कागदाची चार पानं असायची आणि जामीनदार चौथ्या पानावर बोट ठेवून "इथे ना?" विचारायचा. ते वाक्य आहे की नाही आणि नेमकं कसं आहे, यावर तुमचा हा मुद्दा टिकतो की पडतो.

टेम्पोची गोष्ट वेगळी. टेम्पो संस्थेकडे नजरगहाण असणार, म्हणजे गाडी मित्राच्या ताब्यात पण आरसी पुस्तकावर संस्थेचा बोजा. कलम 141 प्रमाणे कर्जाला दिलेल्या तारणाचा फायदा जामीनदारालाही मिळतो, त्याला त्या तारणाची माहिती असो वा नसो. संस्थेने तुमच्या संमतीशिवाय ते तारण हातचं घालवलं किंवा सोडून दिलं, तर त्या तारणाच्या किमतीएवढी तुमची जबाबदारी कमी होते.

म्हणून टेम्पोचा नंबर मिळवा. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर किंवा आरटीओ कार्यालयात चौकशी करून पाहा की आज गाडी कुणाच्या नावावर आहे आणि तिच्यावर बोजा दिसतो का. बोजा उतरलेला असेल, तर तो उतरवायला नमुना 35 लागतो आणि त्यावर संस्थेची सही लागते. कर्ज फिटलेलं नसताना संस्थेने ती सही दिली असेल, तर तुमच्या हातात मोठा मुद्दा आला. बोजा अजून कायम असेल आणि मित्राने गाडी नुसती हातोहात देऊन टाकली असेल, तर संस्थेने तारण सोडलं असं म्हणता येणार नाही. पण मग तुम्ही लेखी मागणी करू शकता की गाडी ताब्यात घ्या, विका, ती रक्कम खात्यात जमा करा आणि उरलेल्याचं बोला. चार वर्षं चाललेल्या टेम्पोलाही किंमत असते, आणि ती दर महिन्याला कमी होत असते. ही मागणी सुनावणीतच करा. नंतर "आम्हाला कुणी सांगितलंच नाही" असं म्हणायला जागा उरू नये.

इथे एक जुनी गोष्ट सांगते. मी ज्या संस्थेत होते तिथे एक सायकलवाले एका व्यापाऱ्याला जामीन होते. त्या व्यापाऱ्याने कर्जासाठी 80,000 ची मुदत ठेव तारण दिली होती. ठेवीची मुदत संपली, त्याने संचालकांपैकी कुणाला तरी गाठलं आणि ठेव काढून नेली. वर्षभराने कर्ज थकलं. सायकलवाले सुनावणीला आले नाहीत, कारण व्यापाऱ्याने त्यांनाही हेच सांगितलं होतं, तू येऊ नकोस, मी बघतो. दाखला पूर्ण रकमेचा निघाला. जप्तीची नोटीस घेऊन ते माझ्या टेबलासमोर आले तेव्हा त्यांनी खातेउतारा मागितला आणि त्यात ठेव परत दिल्याची नोंद त्यांना दिसली. मुद्दा खरा होता, 80,000 चा होता. पण तो मांडायला निम्मी रक्कम आधी भरावी लागणार होती आणि ती त्यांच्याकडे नव्हती. त्यांनी बायकोचे दागिने मोडून सगळं भरलं. ती नोंद मला आधीपासून माहीत होती. मी संस्थेची नोकर होते आणि गप्प बसले. त्याचं मला अजून वाईट वाटतं. तुम्हाला इतकं लांबलचक लिहिण्याचं ते एक कारण आहे.

आता आकडा. पाच लाख, चौदा टक्के, साठ हप्ते असं कर्ज असेल तर हप्ता साधारण 11,634 बसतो आणि बावीस हप्ते वेळेवर भरल्यावर मुद्दल सुमारे 3,55,000 उरतं. तुमच्या नोटिशीतल्या मुद्दलाशी हे जुळतं, म्हणून मी चौदा टक्के धरते. तुमच्या करारातला दर तेवढा आहे का ते तपासा. हप्ते थांबून दोन वर्षं झाली असतील तर 3,55,000 वर चौदा टक्क्यांनी सरळ व्याज होतं 99,400. दंडव्याज दोन टक्के असेल तर आणखी 14,200. दोन्ही मिळून 1,13,600. तुमच्याकडे मागितले आहेत 1,37,000. मधले 23,400 कशाचे? व्याजावर व्याज लावलं असेल, नोटिशीचा आणि वकिलाचा खर्च असेल, वसुलीसाठी माणूस पाठवल्याचा आकार असेल. यातलं काही करारात लिहिलेलं असेल, काही नसेल. तुमची तारीख आणि दर वेगळे असतील तर बेरीज बदलेल, पण ती करायची अशीच: आधी मुद्दल, मग करारातला दर, मग दंडाची अट, आणि उरेल त्याचा हिशोब संस्थेकडे मागायचा.

हा हिशोब नुसता काटकसरीसाठी नाही. तुम्ही जामीनदार म्हणून जे भराल ते मित्राकडून परत मागण्याचा हक्क तुम्हाला करार कायद्याचं कलम 145 देतं, पण त्यात एक शब्द आहे. तुम्ही जे 'रास्तपणे' भरलं तेवढंच परत मागता येतं. लागू नसलेले आकार तुम्ही न पाहता भरलेत, तर ते मित्राच्या नावावर टाकता येणार नाहीत.

या तिन्ही गोष्टींसाठी कागद हवेत, आणि ते या आठवड्यात हवेत. पतसंस्थेला साधा अर्ज द्या: कर्ज मागणी अर्ज, कर्ज करारनामा, माझा जामीन कागद, टेम्पोचा नजरगहाण करार, सुरुवातीपासूनचा खातेउतारा आणि मुदतवाढीबद्दल काही ठराव असल्यास त्याची नक्कल द्यावी. जामीन घेताना संस्थेने तुम्हाला बहुधा सभासद करून घेतलेलं असेल, नाममात्र का होईना. सभासदाला स्वतःच्या व्यवहाराच्या कागदांची नक्कल मागता येते. दोन प्रती करा, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. सुनावणीपर्यंत कागद दिले नाहीत, तर तीच पोचपावती दाखवून निबंधकांकडे कागद मिळेपर्यंत वेळ मागा आणि वेळेचा अर्जही लेखीच द्या. लेखी म्हणणं मात्र वकिलाकडून तपासून घ्या. फी एका बैठकीची, सबंध दाव्याची नाही, हे वकिलाशी आधी बोलून घ्या, म्हणजे ती तुम्हाला परवडेल.

अजून एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिली नाही म्हणून विचारते. जामीन राहताना तुम्ही सही केलेले कोरे चेक दिले होते का? बऱ्याच ठिकाणी जामीनदाराकडूनही घेतात. दिले असतील तर नंबर शोधून ठेवा. असा चेक भरला गेला आणि परत आला, तर तुम्हाला चेकच्या रकमेची नोटीस येऊ शकते आणि ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे दिले नाहीत तर फौजदारी तक्रार होऊ शकते. तशी नोटीस आली तर ती गल्ल्याखाली जाऊ देऊ नका. त्याच दिवशी वकिलाला दाखवा.

आता दुकान बायकोच्या नावावर करण्याबद्दल. तुमचे ओळखीचे तुमच्या काळजीनेच बोलले असतील, पण हे करू नका. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 चं कलम 53 नेमकं याचसाठी आहे. धनकोला चुकवण्याच्या हेतूने केलेलं हस्तांतरण धनकोला रद्द करून घेता येतं. सुनावणीची नोटीस हातात पडल्यावर आठ दिवसांत केलेल्या बक्षीसपत्राचा हेतू सिद्ध करायला फार कष्ट पडत नाहीत. मुद्रांक शुल्क जाईल, नोंदणीचा खर्च जाईल, आणि ज्या अधिकाऱ्यासमोर तुम्ही प्रामाणिक माणूस म्हणून मुदतवाढीचा मुद्दा मांडणार, त्याच्या नजरेतून तुम्ही उतराल. शिवाय ज्या बाईला काहीच माहीत नाही, तिला तुम्ही तिच्या नकळत एका वादात उभं कराल. तिला आज रात्री सांगा. नोटीस तिच्या हातात द्या आणि वाचू द्या. ती रागावेल. पण घरातली बचत किती, सोनं किती, मुलांच्या फीच्या तारखा कोणत्या, हे तिच्याइतकं तुम्हाला माहीत नसणार. आणि तडजोडीला किती रक्कम उभी करता येईल हे त्याच माहितीवर ठरणार आहे.

कारण शेवटी बहुधा तडजोड होईल. मुदतवाढीचा मुद्दा पूर्ण टिकला तर तुम्ही सुटालही, पण त्यावर विसंबून घरचं गणित मांडू नका. संस्थेलाही जप्तीपेक्षा एकरकमी पैसे बरे वाटतात. तुमच्याकडे टेम्पोचा किंवा व्याजाचा खरा मुद्दा असेल तर बोलणी वेगळ्या पायरीवरून सुरू होतात. समजा, 3,60,000 वर ठरलं. मॅनेजरने होकार दिला म्हणून लगेच पैसे भरू नका. संचालक मंडळाचा ठराव, किंवा निदान संस्थेचं सहीशिक्क्याचं पत्र हातात घ्या, ज्यात लिहिलं असेल की एवढी रक्कम एवढ्या तारखेपर्यंत भरल्यावर कर्जखातं बंद होईल आणि जामीनदारांवर काही येणं राहणार नाही. मग स्वतःच्या खात्यातून चेकने किंवा आरटीजीएसने भरा. मित्राच्या हातात रोख देऊन "तूच भर" असं कधीच करू नका. त्याच्या हातून गेलेले पैसे कागदावर त्याचेच दिसतात. पावतीवर कर्जखाते क्रमांक आणि 'जामीनदार या नात्याने भरणा' हे शब्द लिहून घ्या. खातं बंद झाल्यावर बेबाकी दाखला घ्या.

पावतीवरच्या त्या चार शब्दांचं काम पुढे आहे. सगळं देणं तुम्ही फेडलं की करार कायद्याच्या कलम 140 प्रमाणे संस्थेचे कर्जदाराविरुद्धचे हक्क तुमच्याकडे येतात. टेम्पोवर बोजा उरला असेल तर त्याचा फायदा तुम्ही मागू शकता. म्हणून बेबाकी दाखला घेताना बोजा उतरवायचा नमुना मित्राच्या हातात जाऊ देऊ नका, आधी वकिलाशी बोला. आणि मेहुण्याला विसरू नका. करारात वेगळं ठरलेलं नसेल तर दोन जामीनदारांचा वाटा सारखा. तुम्ही 3,60,000 भरलेत तर 1,80,000 च्या वर भरलेलं तुम्ही त्याच्याकडून मागू शकता, आणि सगळे 3,60,000 मित्राकडून. अर्थात दोघांकडून मिळून तुम्ही भरलेल्या रकमेपेक्षा जास्त नाही. दावा करायचा तर मुदत तीन वर्षांची असते, मित्राविरुद्ध तुम्ही भरल्या तारखेपासून आणि मेहुण्याविरुद्ध तुमच्या वाट्यापेक्षा जास्त भरलं त्या तारखेपासून. नात्याचा विचार करत तीन वर्षं कशी निघून जातात हे मी पाहिलं आहे.

मेहुण्याला तुम्ही अजून भेटलेले दिसत नाही. त्यालाही तीच नोटीस आली असणार आणि तोही कुठेतरी ती दडवून बसला असेल. त्याला या आठवड्यात भेटा. वकिलाची फी दोघांत वाटली जाईल, तडजोडीची रक्कमही आधीच वाटली तर नंतर मागत फिरावं लागणार नाही. आणि टेम्पो सध्या कुणाकडे आहे हे घरातल्या माणसाला तुमच्यापेक्षा लवकर कळतं.

आता मित्र. त्याने फसवलं असं तुम्ही लिहिता. मला त्याचं मन माहीत नाही, पण हिशोब माहीत आहे. बावीस महिने दरमहा साडेअकरा हजार म्हणजे त्याने अडीच लाखांच्या वर भरले आहेत. जामीनदाराला अडकवायचं ठरवून कर्ज काढणारा माणूस मी पाहिला आहे, तो दोन-तीन हप्त्यांत गायब होतो. बावीस हप्ते भरणारा बहुधा कुठेतरी घसरतो, मग लाजेने तोंड लपवतो, आणि लाजेपोटी एकामागून एक चुका करतो. गाडी परस्पर देणं ही त्यातली मोठी चूक, आणि तुम्हाला सुनावणीला येऊ नकोस म्हणणं त्याहून मोठी. तुम्ही त्याला माफ करावं असं मी म्हणत नाही. ते तुमचं तुम्ही ठरवा, आणि आत्ताच ठरवायची घाई नाही. पण त्याच्याशी बोलणं बंद ठेवून तुमचंच नुकसान होतं आहे. मुदतवाढ लेखी होती की तोंडी, गाडी किती रुपयांना आणि कोणत्या कागदावर गेली, संस्थेच्या कुणाला ते माहीत होतं, ही सगळी उत्तरं त्याच्याकडे आहेत.

भेटायला जाल तेव्हा दुकानात बोलावू नका, त्याच्या घरी त्याच्या बायकोसमोरही नको. मेहुण्याला घेऊन कुठेतरी निवांत बसा. पैशांची मागणी पहिल्या वाक्यात करू नका, कारण ते आज त्याच्याकडे नाहीत आणि ऐकताच तो उठून जाईल. कागद मागा. मुदतवाढीचं काही पत्र, मोबाइलवर आलेला मॅनेजरचा एखादा संदेश, गाडी घेणाऱ्याचं नाव, हप्त्यांच्या पावत्या. त्यानंतर एक कबुलीपत्र लिहून घ्या, साध्या भाषेत: हे कर्ज मी घेतलं, मी वापरलं, जामीनदारांना जे भरावं लागेल ते मी त्यांना परत देणं लागतो. कशावर लिहायचं आणि साक्षीदार कोण, ते वकील सांगेल.

आणि त्याला सुनावणीला बरोबर चलायला सांगा. मुदतवाढ मिळाल्याचं तो स्वतः तिथे सांगेल, तर तुमच्या लेखी म्हणण्यापेक्षा त्याचं वजन जास्त पडेल. तो आला नाही तर तुम्ही आणि मेहुणा जा. तारीख सकाळची असेल तर दुकान त्या दिवशी बायकोवर सोपवा. म्हणण्याच्या तीन प्रती न्या, एक निबंधकांना, एक संस्थेला, तिसरीवर शिक्का घेऊन स्वतःकडे ठेवा. रोजनाम्यावर सही करण्याआधी तुम्ही मांडलेले मुद्दे त्यात लिहिले गेले आहेत का ते वाचा. हळू वाचलं तरी चालेल. या वेळी चारही पानं वाचा.